हुकूम कुठल्या रंगाचा?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही सगळे सावंतवाडीला गेलो होतो. राजवाड्यात कलाकार बसून रंगवताना पाहिले आणि मोह आवरेना, म्हणून दशावतारी गंजिफेचा एक संच घेतला. लाकडी पेटी, सरकते झाकण, आत १२० गोल पाने. घरी आल्यावर मुलांनी उत्साहाने चादर अंथरली आणि आमची पंचाईत झाली. आधी ‘बदाम सात’ लावून पाहिले, पण सात मासे लावल्यावर त्यांच्या दोन्ही बाजूंना काय लावायचे यावरून वाद झाला. मग ‘पाच-तीन-दोन’ खेळायचा प्रयत्न केला, तर दहा रंगांपैकी हुकूम कुठला करायचा यावर गाडी अडली. माझी आजी मालवणकडची. ती लहानपणी गंजिफा पाहिल्याचे सांगायची आणि ‘दिवसा राम, रात्री कृष्ण’ असे काहीसे म्हणायची. त्याचा या पानांशी संबंध आहे का? एक्का मोठा की लहान? हुकूम कसा ठरवतात? आणि आपल्या नेहमीच्या बावन्न पानांच्या खेळांपेक्षा हा खेळ नेमका वेगळा कशात आहे?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची गाडी अडली ती अगदी योग्य जागी अडली. गंजिफेत हुकमाचा रंग नसतो. दहा रंगांपैकी एकही रंग दुसऱ्याला कापत नाही. तरीही गंजिफा खेळणाऱ्यांच्या तोंडी ‘हुकूम’ हा शब्द सतत असतो, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. तो अर्थ लक्षात आला की उरलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात. म्हणून तिथवर जरा सावकाश जाऊ या. आधी पेटीतली पाने नीट लावून घेऊ.

पेटीत काय आहे?

पाने जमिनीवर पसरा आणि चिन्हांप्रमाणे वेगळी करा. दहा ढिगारे होतील, प्रत्येकात बारा पाने. हे दहा रंग म्हणजे विष्णूचे दहा अवतार : मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की. मासा, कासव, परशू आणि बाण ही चिन्हे लगेच ओळखू येतात. बाकीची चिन्हे संचागणिक थोडी बदलतात, त्यामुळे ती तुमच्या संचातल्या राजाच्या पानाशी ताडून पाहा. रंगाची पार्श्वभूमी आणि कडेची नक्षी जुळली की ढिगारा जुळला.

प्रत्येक रंगात दोन चित्रपाने आहेत, राजा आणि प्रधान. राजाच्या पानावर स्वतः अवतार असतो. प्रधानाच्या पानावर बहुधा घोड्यावरचा स्वार दिसेल. उरलेली दहा पाने एक्क्यापासून दश्शीपर्यंत. आपल्या कॅटमध्ये राजा, राणी, गुलाम अशी तीन चित्रे असतात. इथे राणी नाही आणि गुलामही नाही. कोपऱ्यात आकडा लिहिलेला नसतो, कारण कोपराच नाही. चिन्हे मोजायची. नव्वी आणि दश्शी यांत पहिल्या दिवशी हमखास गफलत होते. चिन्हे कशी मांडली आहेत ते पाहायची सवय लागली की मोजावे लागत नाही, जसे फाशावरचे ठिपके आपण मोजत नाही.

दशावतारी हा एकच प्रकार नाही. त्याआधीचा आणि बराच काळ जास्त चाललेला प्रकार आठ रंगांचा, ९६ पानांचा. त्याला मुघल गंजिफा म्हणतात, आपल्याकडे ‘चंगकांचन’ हेही नाव आहे. त्याचे आठ रंग दरबारातून आले आहेत : ताज म्हणजे मुकुट, सफेद म्हणजे चांदीचे नाणे, शमशेर म्हणजे तलवार, गुलाम म्हणजे सेवक, चंग म्हणजे वीणेसारखे वाद्य, सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, बरात म्हणजे फर्मान किंवा हुंडीसारखा कागद, आणि किमाश म्हणजे कोठारातला माल. खजिना, टांकसाळ, शस्त्रागार, कोठी, दप्तर, गाणेबजावणे : राज्याचा कारभारच पानांवर मांडलेला.

हा खेळ इराणी वळणाचा, मुघलांबरोबर रुजलेला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या शाह हसनाकडे गंजिफेची पाने पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारात बारा रंगांचा, १४४ पानांचा संच होता आणि अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त त्याचे रंग नावानिशी दिले आहेत : अश्वपती, गजपती, नरपती असे करत शेवटी अहिपती, म्हणजे सापांचा राजा. रंग वाढवता येतात हे एकदा कळल्यावर लोकांनी हात आखडता घेतला नाही. ओडिशात गंजपा रंगू लागली, बंगालमध्ये बिष्णुपूरला दशावतारी ताश झाले, आणि म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर तीनशेच्या वर पानांचे संच योजले. पण रंग आठ असोत की सोळा, एका रंगात राजा, प्रधान आणि दहा आकडे हा सांगाडा बहुतेक ठिकाणी तोच राहिला.

एक्का मोठा की लहान?

दोन्ही. आणि इथेच तुमचा ‘बदाम सात’ फसला.

आपल्या बावन्न पानांत चारही रंगांचा क्रम एकच असतो. इस्पिकचा एक्का मोठा तर किलवरचाही मोठा. गंजिफेत राजा आणि प्रधान हे सगळ्या रंगांत पहिले आणि दुसरे असतात, त्यात बदल नाही. पण त्यांच्या खालची आकड्यांची शिडी अर्ध्या रंगांत सुलटी आणि अर्ध्या रंगांत उलटी लावलेली असते.

आठ रंगांच्या संचात ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम हे चार बळकट रंग. यांना बिशबर म्हणतात, फारसीत ‘बेश’ म्हणजे जास्त. यांत प्रधानाच्या खाली दश्शी, मग नव्वी, अठ्ठी असे उतरत एक्का सर्वांत हलका. चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे चार दुबळे रंग, कमबर. यांत प्रधानाच्या खाली एक्का, मग दुर्री, तिर्री असे करत दश्शी सर्वांत हलकी. म्हणजे ताजचा एक्का बिनकामाचा आणि सुर्खचा एक्का तिसऱ्या क्रमांकाचे भारी पान.

दशावतारीतही अशीच पाच-पाचांची वाटणी असते : मत्स्यापासून वामनापर्यंतचे पाच एका गटात आणि परशुरामापासून कल्कीपर्यंतचे पाच दुसऱ्या गटात. कोणत्या गटात दश्शी चढी आणि कोणत्या गटात एक्का चढा, हे पाने वाटण्याआधी सगळ्यांनी मोठ्याने बोलून पक्के करा. चार हात झाल्यावर हा वाद निघाला तर डाव मोडण्याखेरीज इलाज नसतो.

ही उलटापालट केवळ आपल्याकडचीच लहर नाही. युरोपातल्या जुन्या टॅरो खेळांत तलवार आणि दंडुका या रंगांत मोठे आकडे चढे असत, तर पेला आणि नाणे यांत लहान आकडे. स्पेनमधून पसरलेल्या ओंब्रे या खेळात काळ्या रंगांचे आकडे सुलटे आणि लाल रंगांचे उलटे लागत. बावन्न पानांच्या खेळांत ही पद्धत हळूहळू गळून पडली आणि सगळे रंग एकाच मापाचे झाले. गंजिफेत ती टिकली.

खेळताना तिचा परिणाम काय होतो? नवखा माणूस नेहमीच्या सवयीने ‘दुर्रीच तर आहे’ म्हणत सुर्खची दुर्री फेकतो आणि ताजचा एक्का जिवापाड जपतो. त्याने सोने टाकले आणि खापर ठेवले, हे त्याला दहा हातांनंतर कळते. पान उचलले की आधी रंग पाहायचा आणि मगच आकडा, ही सवय लागेपर्यंत गंजिफा खेळता येत नाही.

मग हुकूम म्हणजे काय?

एखाद्या रंगाची जी पाने अजून खेळली गेलेली नाहीत, त्यांतले सर्वांत चढे पान म्हणजे त्या रंगाचा हुकूम. बस्स, एवढेच.

डाव सुरू होताना प्रत्येक रंगाचा हुकूम त्याचा राजा असतो. राजा खेळून गेला की प्रधान हुकूम होतो. प्रधानही गेला की बळकट रंगात दश्शी आणि दुबळ्या रंगात एक्का हुकूम. अशा रीतीने हुकूम एकेक पायरी खाली सरकत जातो. पाच-तीन-दोनमध्ये हुकूम म्हणजे डावापुरता गादीवर बसवलेला रंग. गंजिफेत एकाच वेळी जितके रंग तितके हुकूम असतात आणि ते दर हाताला बदलू शकतात. हुकूम कोणी बोलत नाही, कोणी फिरवत नाही. तो फक्त आठवणीत ठेवायचा असतो.

बावन्न पानांच्या खेळाशी मोठा फरक इथे पडतो. तिथे तुमच्या हातात बदामाचा एक्का असला तरी समोरच्याने हुकमाच्या दुर्रीने तो कापला की संपले. गंजिफेत कापणे नाहीच. तुमच्या हातातले पान खरोखर त्या रंगाचा हुकूम असेल आणि तुम्ही उतारी केलीत, तर तो हात तुमचाच. त्याला कोणीही हात लावू शकत नाही.

दुसरा फरकही असाच मुळावरचा आहे. ब्रिजमध्ये किंवा पाच-तीन-दोनमध्ये उतारीचा रंग हातात असेल तर तोच द्यावा लागतो. गंजिफेत तशी सक्ती नाही. समोरच्याने हुकूम टाकला की तुम्ही तुमच्या हातातले सर्वांत निरुपयोगी पान, कुठल्याही रंगाचे, त्यावर टाकायचे. ब्रिज खेळणारा समोरच्याने रंग दिला नाही यावरून त्याचा हात ओळखतो. तो दुवा इथे मिळत नाही. त्याऐवजी दुसरा मिळतो : माणूस काय फेकतो त्यावरून त्याला काय नको आहे हे कळते, आणि तो जे फेकत नाही त्यावरून तो कशाची वाट पाहतो आहे हे कळते.

‘दिवसा राम, रात्री कृष्ण’

तुमच्या आजीने खेळाचा पहिला नियमच सांगून ठेवला आहे. डाव कोणी सुरू करायचा हे गंजिफेत वेळेवरून ठरते. दशावतारी पानांनी दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा आला त्याने सुरुवात करायची, रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. आठ रंगांच्या संचात दिवसा सुर्खचा राजा आणि रात्री सफेदचा राजा हा मान घेतो. सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, तो सूर्य. सफेद चांदीचे, तो चंद्र. म्हणून दिवे लागताना डाव मांडला तर आधी ‘अजून दिवस की रात्र?’ हे ठरवून घ्यावे लागते.

एक डाव जवळून पाहू

नियम नुसते वाचून पटणार नाहीत, म्हणून एक डाव मांडून दाखवतो. आठ रंगांचा घेतो, कारण त्याचे बळकट-दुबळे रंग नावानिशी ठरलेले आहेत. तुम्हाला तो दशावतारीवर सहज उतरवता येईल.

खेळायला तिघे हवेत. हा खेळ मुळात तिघांचाच. पाने गोल असल्याने आपण कॅट पिसतो तशी ती हातात पिसता येत नाहीत. चादरीवर पालथी पसरायची, दोन्ही तळव्यांनी कालवायची आणि गोळा करायची. मग चार-चारच्या झुबक्यांनी वाटायची. वाटप आणि खेळ दोन्ही उजव्या हाताकडे जातात, म्हणजे घड्याळाच्या उलट. सगळी पाने वाटून टाकायची, मागे काही ठेवायचे नाही. ९६ पाने तिघांत, प्रत्येकी ३२. दशावतारीत प्रत्येकी ४०.

समजा दिवस आहे. तुम्ही, तुमच्या उजवीकडे वहिनी आणि त्यांच्या पलीकडे भाऊ. तुमच्याकडे सुर्खचा राजा, एक्का, दुर्री आणि नव्वी आली. ताजची दश्शी, नव्वी आणि एक्का आला. बाकीची पाने तूर्त सोडून देऊ.

सुर्खचा राजा तुमच्याकडे म्हणून सुरुवात तुमची. पहिली उतारी दोन पानांची असते : राजा आणि त्याच्यासोबत एक हलके पान. तुम्ही सुर्खच्या राजाबरोबर ताजचा एक्का टाकता, कारण ताज बळकट रंग आणि त्यात एक्का तळाला. वहिनी आणि भाऊ प्रत्येकी दोन टाकाऊ पाने देतात. वहिनींनी चंगची दश्शी आणि किमाशची नव्वी दिली, भाऊंनी शमशेरची दुर्री आणि सुर्खची दश्शी. सहाही पाने तुमची, म्हणजे दोन हात झाले. उतारीही तुमचीच.

आता सुर्खचा हुकूम कोणता? राजा गेला, म्हणजे प्रधान. तो तुमच्याकडे नाही. तुमचा एक्का त्याच्या खालोखाल आहे. तो आत्ता टाकलात तर प्रधानवाला तो गिळेल. अशा वेळी एक्का राखून तुम्ही सुर्खची नव्वी टाकता. याला देणी म्हणतात : हलके पान देऊन त्या रंगाचा हुकूम बाहेर काढायचा. ज्याच्याकडे हुकूम आहे त्याला तो टाकून हात घ्यावाच लागतो. प्रधान वहिनींकडे निघाला. हात त्यांचा झाला, पण त्याच क्षणी तुमचा एक्का सुर्खचा हुकूम झाला आणि दुर्री त्याच्या मागे उभी राहिली. एक हात देऊन तुम्ही दोन हात बांधून घेतले.

आता उतारी वहिनींची. त्यांच्याकडे ताजचे राजा आणि प्रधान दोन्ही आहेत. त्या राजा टाकतात, मग प्रधान. तुम्हाला दोन्ही वेळा पान द्यायचे आहे. इथे ‘दुर्रीच तर आहे’वाला माणूस बुडतो, कारण सुर्खची दुर्री म्हणजे तुमच्या मुठीतला उद्याचा हात. तुम्ही ती धरून ठेवता आणि दुसऱ्या रंगांतली तळाची पाने देता. शिवाय वहिनींचे दोन हुकूम जाताच ताजचा हुकूम झाली दश्शी. ती तुमच्याकडे आहे आणि तिच्या मागे नव्वीही. तुम्ही काहीच केले नाही, तरी तुमची दोन पाने पिकली.

वहिनींचे हुकूम संपतात. त्या शमशेरमध्ये देणी टाकतात, हुकूम भाऊंकडे निघतो, उतारी त्यांच्याकडे जाते. भाऊ आपले दोन हुकूम वठवतात आणि मग त्यांची चूक होते. ताजचा राजा गेला हे त्यांच्या लक्षात आहे, प्रधान गेला हेही आहे, पण त्यांच्याकडची ताजची अठ्ठी त्यांना हुकूम वाटते. दश्शी आणि नव्वी कोणी तरी आधीच फेकली असावी असा त्यांचा ग्रह झाला आहे. ते ठसक्यात अठ्ठी टाकतात, तुम्ही दश्शी ठेवता. हात तुमचा, उतारी तुमची. आता ताजची नव्वी, सुर्खचा एक्का, सुर्खची दुर्री एकामागून एक टाका. तिन्ही हुकूम आहेत. तिन्ही हात तुमचे, कोणी अडवू शकत नाही.

गंजिफेतला पराभव हा असा असतो. वाईट पाने आली म्हणून होतो त्यापेक्षा, काय गेले हे विसरल्यामुळे जास्त होतो. टाकलेली पाने रंगीबेरंगी असतात, एका हातात तीन वेगळ्या रंगांची तीन पाने पडतात, आणि त्यांपैकी एखादे पान तुमचा उद्याचा हुकूम ठरवणारे असते. सगळे लक्षात राहत नसेल तर निदान स्वतःच्या तीन-चार भक्कम रंगांतली तुमच्या वरची पाने तेवढी मोजत राहा. ती गेली का, एवढाच प्रश्न दर हाताला विचारायचा.

एखाद्याकडे हुकूमही उरला नाही आणि देणी टाकण्याजोगी जागाही नाही, अशी वेळ शेवटी येते. तेव्हा त्याने आपली उरलेली पाने पालथी घालून कालवायची आणि शेजारी बोट ठेवेल ते पान उतरायचे. इथे थोडे नशीब शिरते, पण तोवर डावाचा निकाल बहुतेक लागलेला असतो.

हिशेब सोपा आहे. प्रत्येकाने आपण जिंकलेली पाने मोजायची. सुरुवातीला प्रत्येकी ३२ मिळाली होती, तेवढी तर परत हवीत. समजा तुम्ही १४ हात जिंकलात, वहिनींनी १० आणि भाऊंनी ८. म्हणजे तुमची ४२ पाने, वहिनींची ३० आणि भाऊंची २४. तुम्ही दहा पानांनी वर, वहिनी दोनांनी आणि भाऊ आठांनी खाली. पुढच्या डावासाठी ज्यांची पाने कमी भरली त्यांनी ती तुमच्याकडून ‘विकत’ घ्यायची. चिंचोके किंवा कवड्या ठेवल्या तर घरातल्या मुलांनाही हे व्यवहार आवडतात.

इतका वेळ नसेल तर?

खरे आहे, तिघांचा पूर्ण डाव पाऊण-एक तास सहज खातो. त्यासाठी ‘नक्श’ नावाचा छोटा खेळ आहे. त्याला चारच रंग, म्हणजे ४८ पाने पुरतात, आणि वाटेल तितके जण बसू शकतात. राजाचे मोल १२, प्रधानाचे ११, बाकीच्या पानांचे त्यांच्या आकड्याइतके. प्रत्येकाला दोन पाने, हवे तर पुढे एकेक मागायचे. उद्दिष्ट सतरा. सतराच्या जवळ जायचे, पण ओलांडायचे नाही. दोनच पानांत सतरा आले तर उत्तम : राजा आणि पंजी, प्रधान आणि छक्की, दश्शी आणि सत्ती, नव्वी आणि अठ्ठी. बावन्न पानांत ‘एकवीस’ खेळतात त्याचाच हा भाऊबंद. इथे बळकट-दुबळे काही नसते, आकडा तो आकडा. म्हणूनच मुलांना पाने ओळखायला शिकवण्यासाठी पहिल्या आठवड्यात नक्श आणि दुसऱ्या आठवड्यात खरी गंजिफा, असा क्रम लावा.

पानांची काळजी आणि एक युक्ती

तुमचा संच हाताने रंगवलेला आहे ना, हे एका मिनिटात पाहता येते. मत्स्याची दश्शी काढा आणि दहाही मासे एकेक करून बघा. छापील असतील तर एकाची शेपटी दुसऱ्याच्या शेपटीवर तंतोतंत बसेल. कुंचल्याचे असतील तर एखादा मासा जाडसर, एखाद्याचा डोळा किंचित वर, एखाद्याच्या शेपटीपाशी रंग संपत आलेला दिसेल. चितारी एकच चिन्ह अनेक पानांवर ओळीने काढत जातो, त्या लयीच्या या खुणा.

परंपरेने हे पान कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून करतात, वर खडूचा पांढरा लेप देऊन गुळगुळीत दगडाने घोटतात, मग गोल कापून रंगवतात आणि शेवटी लाखेचा हात देतात. त्यामुळे उन्हात ठेवले तर पान वाकते, आणि कोकणातल्या दमट पावसाळ्यात एकावर एक घट्ट दाबून ठेवले तर लाख चिकटते. पेटीत ती सैल ठेवा. ओल्या फडक्याने पुसू नका. चिंचोक्याच्या खळीवर किड्यांचा डोळा असतो, म्हणून पेटी अधूनमधून उघडत जा. खेळणे हाच त्यावरचा सोपा उपाय.

पानांची मागची बाजू एकरंगी असते, आणि तीही पाहण्यासारखी गोष्ट आहे. हातकामात एखाद्या पाठीवर ओरखडा किंवा रंगाचा फिका डाग पडला की ते पान पालथे असतानाही ओळखू येते. मुले हे सर्वांत आधी हेरतात. असे पान निघाले तर डावापूर्वी सगळ्यांना दाखवून द्या.

सावंतवाडीत ही कला जवळजवळ विझत आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच जुन्या चिताऱ्याकडून नव्या मुलांना ती शिकवून घेतली, म्हणून तुम्हाला मे महिन्यात दरबारात कुंचले चालताना दिसले. पण संच विकत घेणाऱ्यांपैकी फार थोडे तो खेळतात. बहुतेक पेट्या दिवाणखान्यात शोभेला जातात.

आता युक्ती. एवढी महागाची पाने शिकण्यासाठी झिजवायची नसतील तर घरातला साधा कॅट घ्या आणि चारही गुलाम काढून टाका. ४८ पाने उरतील, एका रंगात बारा. बादशहाला राजा म्हणा, राणीला प्रधान. इस्पिक आणि किलवर बळकट : राणीच्या खाली दश्शी, तळाला एक्का. बदाम आणि चौकट दुबळे : राणीच्या खाली एक्का, तळाला दश्शी. दिवसा बदामच्या बादशहाने सुरुवात, रात्री इस्पिकच्या. तिघांना सोळा-सोळा पाने. कापणे नाही, रंग देण्याची सक्ती नाही. चार रंगांत हुकूम कसा खाली सरकतो हे दोन डावांत अंगवळणी पडेल, आणि मग दहा रंग म्हणजे तेच गणित जरा लांबलचक, एवढेच वाटेल.

त्यानंतर अवतारांची पेटी उघडा. रात्रीची जेवणे उरकून बसणार असाल तर पाने वाटून झाल्यावर आजीच्या शब्दांत एवढेच विचारा : कृष्ण कोणाकडे आहे?